योग्यता एका दिवसाची नव्हे!

व्यावसायिक वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राला महाराष्ट्रातील वाहनमालक ‘पासिंग’ म्हणतात. शब्द लहान आहे. पण त्यामागील मनोवृत्ती त्यातून नेमकी प्रकट होते. पासिंग म्हणजे परीक्षा आणि परीक्षा म्हणजे एकदा उत्तीर्ण होऊन विसरून जाण्याची गोष्ट! विद्यार्थ्याने परीक्षेपुरती घोकंपट्टी करावी, त्याप्रमाणे मालक पासिंगपुरती गाडी सजवतो. झिजलेले टायर काढून एका दिवसापुरते दुसऱ्या गाडीचे टायर चढवले जातात. अग्निशामक नळकांडे शेजारच्या गाडीतून येते. मागच्या फाळक्यावर लाल रेडियमची नवी पट्टी चिकटते, फुटलेल्या दिव्याला काच बसते. प्रमाणपत्र हाती पडले की उसने टायर परत जातात, नळकांडे मूळ मालकाकडे पोहोचते आणि गाडी आपल्या जुन्या रूपात पुन्हा महामार्गावर येते.

कागद खरा आणि गाडी खोटी, असा हा प्रकार आहे. त्याच्या दुसऱ्या टोकाला कागदही नसलेली गाडी उभी आहे. मुदत संपली, पण हंगाम चालू आहे. भाडे सोडवत नाही. ‘पुढच्या महिन्यात पासिंग करून घेऊ’ असे म्हणत महिने निघून जातात. वरवर पाहता या दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली लबाडी आहे, दुसरी टाळाटाळ. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ एकच. योग्यता हा वाहनाचा गुण नसून कार्यालयातून मिळणारा कागद आहे, ही ती समजूत होय. कायद्याची भूमिका याच्या नेमकी उलट आहे आणि ती समजून न घेतल्याने अनेक लहान मालक आयुष्यभराची कमाई एका अपघातात गमावून बसू शकतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ ची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. योग्यता प्रमाणपत्र नसल्यास दंड होईल, एवढेच सांगून हे कलम थांबत नाही. परिवहन वाहनाजवळ, म्हणजे माल वा प्रवासी वाहणाऱ्या व्यावसायिक वाहनाजवळ, योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर ते वाहन वैध रीतीने नोंदणीकृतच मानले जाणार नाही, असे ते सांगते. हा फरक फार मोठा आहे. क्रमांकाची पाटी गाडीवर आहे, नोंदणीचे पुस्तक घरात आहे, कर भरलेला आहे. तरीही योग्यतेची मुदत संपली त्या मध्यरात्रीपासून कायद्याच्या दृष्टीने ती गाडी बिननोंदणीची होते.

म्हणूनच अशा गाडीवरील कारवाई बिननोंदणीच्या गाडीसारखी होते. कलम १९२ मध्ये पहिल्या गुन्ह्यासाठी दोन हजार ते पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. गुन्हा पुन्हा घडल्यास पाच ते दहा हजार रुपये दंड, एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन्ही. कलम २०७ अन्वये गाडी अडकवून ठेवता येते. नाशवंत माल भरलेला टेम्पो चार दिवस आवारात उभा राहिला, तर दंडाच्या रकमेपेक्षा कुजलेल्या मालाचा भुर्दंड मोठा होतो, हे भाजीपाल्याची वाहतूक करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

कायद्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची असून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. परवान्याच्या सर्वसाधारण अटी कलम ८४ मध्ये दिल्या आहेत. त्यातील पहिलीच अट अशी की, वाहनाजवळ वैध योग्यता प्रमाणपत्र असले पाहिजे आणि वाहन ‘सर्व वेळी’ कायद्याच्या अपेक्षा पूर्ण करील अशा स्थितीत ठेवले पाहिजे. कलम ५६ अन्वये तर मुदत शिल्लक असतानाही सक्षम अधिकारी लेखी कारणे देऊन प्रमाणपत्र रद्द करू शकतो. तसे झाले की नवे प्रमाणपत्र मिळेपर्यंत नोंदणी आणि परवाना दोन्ही निलंबित ठरतात. तात्पर्य, पासिंगच्या दिवशीची गाडी ही कायद्याने मागितलेली गाडी नव्हे. वर्षाच्या उरलेल्या ३६४ दिवसांची गाडी कायद्याने मागितली आहे.

मुदतीचा हिशेब साधा आहे. नव्या वाहनाला पहिली दोन वर्षे योग्यता मिळते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत नूतनीकरण दोन दोन वर्षांसाठी होते आणि आठ वर्षांनंतर ते दरवर्षी करावे लागते. ज्या वयात यंत्राची झीज वाढते, त्या वयात तपासणी जवळ आणली आहे.

सपाटीवरचा ब्रेक आणि घाटातला ब्रेक

तपासणीत पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात. दिवे व त्यांच्या प्रकाशझोताची दिशा, परावर्तक, आरसे, काच, वायपर, भोंगा, धुराचे प्रमाण, वेगमापक, स्टिअरिंग अशी ती यादी आहे. परंतु ज्यावर इतरांचे प्राण अवलंबून असतात, तो भाग म्हणजे ब्रेक. एका दिवसाची योग्यता किती फसवी असू शकते, हे ब्रेकच्याच उदाहरणाने उत्तम कळते.

जड मालमोटारीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. चालकाने पायपट्टी दाबली की टाकीतील दाबलेली हवा प्रत्येक चाकाजवळच्या चेंबरमध्ये शिरते व एक दांडा पुढे ढकलते. त्या दांड्याने चाकाच्या ड्रममधील लायनर बाहेर फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासून चाक थांबवतात. लायनर झिजत जातात, तसा दांड्याला अधिक अंतर सरकावे लागते. हे वाढलेले अंतर स्लॅक ॲडजस्टरने पुन्हा कमी करायचे असते. ते केले नाही, तर दांडा आपल्या मर्यादेच्या जवळ पोहोचतो आणि तेथे त्याचा जोर झपाट्याने कमी होतो.

अशी गाडी पासिंगच्या दिवशी सपाट आवारात, सहसा रिकामी आणि कमी वेगात उभी केली, तर ती थांबतेही. तीच गाडी माल भरून लांब उतारावर आली की चित्र पालटते. चालक पायपट्टी वारंवार दाबत राहतो, ड्रम तापतो. तापलेला धातू प्रसरण पावतो, म्हणजे लायनरपासून आणखी दूर जातो. दांड्याला आणखी सरकावे लागते, पण तेवढे अंतर शिल्लकच नसते. शिवाय अतितप्त लायनरची पकडही कमी होते. सकाळी शाबूत असलेले ब्रेक उताराच्या तळाशी ‘लागत नाहीत’ ते यामुळे. वेगाचे गणितही निष्ठुर आहे. ताशी ३० किलोमीटर वेगातील गाडी ब्रेक लागल्यावर १० मीटरांत थांबत असेल, तर तेवढ्याच जोराच्या ब्रेकला ताशी ६० च्या वेगात ४० मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते.

पुणे-बंगळूर महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा उतार हे याचे सर्वांना ठाऊक असलेले स्थळ. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका मालवाहू वाहनाने अनेक मोटारींना धडका दिल्या. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात कंटेनरच्या धडकेनंतर आग लागून माणसे होरपळली. अशा प्रत्येक घटनेनंतर ‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द उच्चारले जातात आणि जणू ते दैवी संकट असल्याप्रमाणे विषय संपतो. वास्तविक त्या शब्दांमागे दोनच शक्यता प्रामुख्याने असतात. एक तर चालकाने इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडलेली असते आणि सगळा भार ब्रेकवर टाकलेला असतो; किंवा ब्रेकची झीज कित्येक आठवडे आधीपासून दिसत असूनही कुणी पाहिलेली नसते. पहिल्या चुकीवर प्रमाणपत्राचा उपाय नाही. दुसरीवर आहे, पण तपासणी खरी असेल तरच.

आणि ही झीज दिसते. इंजिन बंद करून, पायपट्टी दाबून धरून हवेच्या काट्याकडे पाहिले, तर गळती असल्यास काटा खाली सरकताना दिसतो. पायपट्टी दाबल्यावर चेंबरचा दांडा किती बाहेर येतो, हे क्लीनर खाली वाकून पाहू शकतो. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक सारखे नाहीत. उतारावरून आल्यावर एकाच चाकाशी जळका वास येत असेल, तर त्या चाकावर काम करून घ्यायला हवे. यासाठी कुठल्या कार्यालयात जावे लागत नाही. घाटापूर्वीच्या चहाच्या विश्रांतीतील पाच मिनिटे पुरतात.

तपासणी खरी कशी होईल?

तपासणीच वरवरची होत असेल, तर केवळ मालकाला दोष देणे न्याय्य नाही. एका निरीक्षकापुढे दिवसभरात रांगेने गाड्या उभ्या राहिल्या आणि तपासणी डोळ्यांनीच करायची म्हटली, तर ब्रेकची परीक्षा नावापुरतीच होणार. मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातील एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर २०१६ मध्ये याच ठिकाणी बोट ठेवले आणि ब्रेकची चाचणी २५० मीटर लांबीच्या चाचणीपथावरच व्हावी, असे बजावले. असा पथ नसलेल्या कार्यालयांतील पासिंग २०१७ च्या अखेरीस थांबण्याची वेळ आली, तेव्हा वाहतूकदारांची मोठी ओढाताण झाली. पण त्या ओढाताणीनेच एक गोष्ट उघड केली. तोवर ब्रेकची चाचणी कोठे व कशी होत होती, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आता कायद्याचा रोख स्वयंचलित चाचणी केंद्रांकडे आहे. तेथे गाडीची चाके फिरत्या रुळांवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोराने लागतो, डाव्या-उजव्या चाकांत किती फरक आहे, हे यंत्र मोजते. प्रकाशझोत, धूर व स्टिअरिंगचा ढिलेपणा यांचीही मोजणी होते. २०२१ च्या नियमांतील एक तरतूद विशेष स्वागतार्ह आहे. असे केंद्र चालवणाऱ्याला तेथे दुरुस्तीचा अथवा वाहनविक्रीचा धंदा करता येत नाही. दोष काढणारा आणि दोष दुरुस्त करून पैसे घेणारा एकच असेल, तर दोष अवास्तव वाढतात किंवा सोयीने नाहीसे होतात. हे ओळखून केलेली ही तरतूद आहे. तरीही यंत्र खोटे बोलत नाही, म्हणून यंत्र चालवणारा खोटे बोलणार नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. गाडी केंद्रावर प्रत्यक्ष आली होती का, हे तपासण्याची व्यवस्था यंत्राइतकीच कठोर हवी. आणि उसने टायर यंत्रालाही उसने वाटत नाहीत. त्यांना उत्तर एकच, ते म्हणजे रस्त्यावरील अचानक तपासणी आणि दोष सापडल्यास मुदतीपूर्वीच प्रमाणपत्र रद्द करणे.

अपघातानंतरचा हिशेब

दंड, जप्ती, विलंबशुल्क यांची भीती मालकाला असते. पण खरा धोका विम्याच्या कागदात दडलेला आहे. एक काल्पनिक, तरी रोज घडू शकेल असे उदाहरण पाहावे. सातारा जिल्ह्यातील एका मालकाजवळ कर्जावर घेतलेली एकच मालमोटार आहे. विमा चालू आहे, चालकाचा परवाना वैध आहे. योग्यतेची मुदत संपून मात्र चाळीस दिवस झाले आहेत. या गाडीखाली ३२ वर्षांचा एक दुचाकीस्वार मृत्यू पावतो. तो खासगी नोकरीत महिना २० हजार रुपये मिळवीत होता. मागे पत्नी, दोन मुले आणि आई.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीने भरपाई काढते. चाळिशीच्या आतील अशा व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीचे ४० टक्के मिळवले की महिना २८ हजार होतात. चार अवलंबित असल्याने स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केल्यावर २१ हजार उरतात. वर्षाचे झाले २ लाख ५२ हजार. या वयासाठी गुणक १६. म्हणजे ४० लाख ३२ हजार रुपये. त्यात अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादींच्या रकमा वेगळ्या आणि व्याज वेगळे.

विमा वैध असेल, तर ही रक्कम विमा कंपनी भरते. येथे मात्र कंपनी म्हणते, गाडी योग्यतेवाचून चालत होती. कलम ५६ प्रमाणे ती नोंदणीकृतच नव्हती. सबब विम्याच्या अटीचा मूलभूत भंग झाला आहे. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१८ मध्ये हा युक्तिवाद मान्य केला. कंपनीच्या बचावाची कारणे कायद्यात मोजून दिली आहेत आणि त्यांत योग्यता प्रमाणपत्राचा स्पष्ट उल्लेख नाही, या आधारावर काही न्यायालयांनी तो नाकारलाही आहे. म्हणजे मालकाचे भवितव्य कोणत्या निर्णयाचा आधार घेतला जातो, यावर लोंबकळते. कंपनीचे म्हणणे मान्य झाले की न्यायालये सहसा ‘आधी भरा, मग वसूल करा’ असा आदेश देतात. मृताच्या कुटुंबाला पैसे मिळतात, हे योग्यच आहे. त्यानंतर कंपनी तीच रक्कम मालकाकडून वसूल करते; त्यासाठी तिला वेगळा दावाही लावावा लागत नाही. मालमोटार, घर, शेत, जे असेल त्यावर ती वसुली येते.

चाळीस दिवसांच्या टाळाटाळीची एका पारड्यात ही चाळीस लाखांची जोखीम आहे. दुसऱ्या पारड्यात काय वाचले? दोन-तीन भाड्यांचे उत्पन्न आणि नव्या लायनरचे काही हजार रुपये. इतका आतबट्ट्याचा व्यवहार कुणीही शहाणा मालक डोळे उघडे ठेवून करणार नाही. तो होतो, कारण हा हिशेब त्याला कुणी मांडून दाखवलेला नसतो.

लहान मालकाची बाजू

असे असले, तरी शासनाने केवळ बडगा उगारून भागणार नाही. मुदत उलटल्यानंतर दर दिवसाला ५० रुपये अतिरिक्त शुल्क आकारण्याचा नियम २०१६ च्या अखेरीस आला. २०२४ मध्ये त्याची वसुली सुरू होताच महाराष्ट्रात रिक्षा, टॅक्सी व बसमालकांनी तीव्र विरोध केला आणि राज्य सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. हा विरोध सर्वस्वी अनाठायी नव्हता. ज्याची रिक्षा आजारपणात सहा महिने अंगणात उभी होती आणि ज्याने सहा महिने मुदतबाह्य गाडी पळवली, त्या दोघांना हे शुल्क सारखेच लागू होते. गाडी उभी असल्याची नोंद आधी करणाऱ्याला सूट देणे अवघड नाही. त्याचप्रमाणे मुदतीपूर्वी अर्ज करून व शुल्क भरूनही तपासणीची तारीख मुदतीनंतरची मिळाली, तर त्या विलंबाचा भार मालकावर टाकणे अन्यायाचे आहे. प्रामाणिक माणसाला नियम पाळणे सोपे आणि लबाडाला मोडणे कठीण, अशी व्यवस्था असावी; आज अनेकदा उलटच अनुभव येतो.

भाडे ठरवणाऱ्याचे कर्तव्य

या प्रश्नात तिसरा पक्षही आहे आणि तो म्हणजे गाडी भाड्याने ठरवणारा समाज. लग्नाचे वऱ्हाड, आषाढीची दिंडी, शाळेची सहल, शिबिरार्थींचा गट यांसाठी बस वा टेम्पो ठरवताना दर, आसने आणि वेळ यांची चौकशी कसून होते. गाडीच्या योग्यतेची मुदत कधी संपते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. घासाघीस करून सर्वांत स्वस्त गाडी मिळवणारा कार्यकर्ता कौतुकास पात्र ठरतो. पण ती स्वस्ताई बहुधा न बदललेल्या लायनरमधून आणि टाळलेल्या तपासणीतून आलेली असते.

विचारणे अवघड राहिलेले नाही. गाडीचा क्रमांक केंद्र शासनाच्या ‘एम-परिवहन’ ॲपवर टाकला की योग्यतेची व विम्याची मुदत दिसते. गाडी ठरवताना क्रमांक मागून घ्यावा, निघण्याच्या दिवशी तीच गाडी आली आहे का ते पाहावे आणि ऐनवेळी बदललेली गाडी आल्यास तिचाही क्रमांक तपासावा; कारण कागदपत्रे एका गाडीची दाखवून दुसरीच गाडी पाठवण्याचा प्रकार नवा नाही. शालेय बससंबंधीच्या महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी आणि तिने वाहनांची कागदपत्रे पाहावीत, अशी तरतूद आहे. त्या समितीत पालकांनाही स्थान आहे. आपल्या पाल्याच्या शाळेत ही समिती वर्षातून कितीदा बसते आणि योग्यतेच्या तारखा प्रत्यक्ष पाहते का, हे पालकांनी पुढच्या सभेत विचारावे. बसमालकाकडे तारखांची यादी मागणारी शाळा असेल, तर त्या बसला उसने टायर लावण्याची सोय राहत नाही.

वाहनाची योग्यता राखणे हे मालकाचे काम, ती पारखणे हे शासनाचे काम आणि अयोग्य वाहनाला भाडे नाकारणे हे समाजाचे काम आहे. पहिल्या दोघांनी हयगय केली, तरी तिसऱ्याच्या नकाराने गाडी दुरुस्त होते. कारण ज्या गाडीला भाडे मिळत नाही, तिचे लायनर मालक दुसऱ्याच दिवशी बदलतो.